चुन्याच्या निवळीतून विद्राव्यता गुणाकार आणि सामाईक आयन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातली बारावीची आणि बीएस्सी पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी आयनिक समतोलाच्या धड्याला आली की फोनवर जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. शक्य तिथे उदाहरण एकच ठेवलं आहे, ते म्हणजे चुना, Ca(OH)₂. तो पानपट्टीवर मिळतो, प्रयोगशाळेत त्याचं टायट्रेशन करता येतं, आणि पुस्तकातलं गणित कुठे तुटतं हेही तोच दाखवतो. वेगळं सांगितलं नसेल तिथे तापमान 25 °C धरा.

1. विद्राव्यता आणि विद्राव्यता गुणाकार यांत फरक काय? दोन्ही "किती विरघळतं" हेच सांगतात ना?

नाही. मोलर विद्राव्यता म्हणजे एक लिटर संपृक्त द्रावणात क्षाराचे किती मोल विरघळलेले आहेत तो आकडा. तिला आपण s म्हणतो आणि तिचं एकक मोल प्रति लिटर. पाण्यात आधीपासून काय मिसळलेलं आहे त्यावर ती बदलते.

विद्राव्यता गुणाकार, म्हणजे Ksp, हा समतोलाचा स्थिरांक आहे. तळाशी न विरघळलेला चुना शिल्लक असताना द्रावणातल्या आयनांच्या संहतींचा ठरावीक पद्धतीने केलेला गुणाकार तेवढाच येतो:

Ca(OH)₂(s) ⇌ Ca²⁺ + 2OH⁻

Ksp = [Ca²⁺][OH⁻]² = 5.5 × 10⁻⁶

तळाचा घन चुना या सूत्रात येत नाही. Ksp तापमानाबरोबर बदलतो, पण पाण्यात दुसरं काही घातलं म्हणून बदलत नाही. वेगवेगळ्या पुस्तकांत चुन्याचा Ksp थोडा वेगळा सापडेल. परीक्षेत प्रश्नात दिलेलाच आकडा घ्यायचा.

2. Ksp दिला आहे. मोलर विद्राव्यता काढायची पद्धत सांगा.

आधी विघटनाचं समीकरण लिहा. मग s मोल क्षार विरघळला तर कोणता आयन किती तयार होईल ते त्या समीकरणावरून मांडा आणि Ksp च्या सूत्रात ठेवा. एवढंच.

सिल्व्हर क्लोराइड सोपं आहे. एका मोलमागे एक Ag⁺ आणि एक Cl⁻ मिळतो, म्हणून Ksp = s × s. Ksp 1.8 × 10⁻¹⁰ असेल तर त्याचं वर्गमूळ, म्हणजे s = 1.3 × 10⁻⁵ मोल प्रति लिटर.

चुन्याच्या एका मोलमधून एक Ca²⁺ आणि दोन OH⁻ सुटतात. म्हणून [Ca²⁺] = s आणि [OH⁻] = 2s.

Ksp = s × (2s)² = 4s³

s³ = 5.5 × 10⁻⁶ ÷ 4 = 1.375 × 10⁻⁶

s = 0.0111 मोल प्रति लिटर

घनमूळ काढताना घात तीनने भागला जाईल असा ठेवा. इथे 10⁻⁶ होता म्हणून 1.375 चं घनमूळ 1.11 आणि 10⁻⁶ चं 10⁻². घात 10⁻¹¹ असेल तर आधी तो 10⁻¹² करून पुढचा आकडा दहापट करायचा. निम्मी चुकीची उत्तरं याच पायरीवर येतात, रसायनशास्त्राचा त्यात काही दोष नसतो.

ग्रॅममध्ये हवं असेल तर रेणुवस्तुमान 74.1 ने गुणा: लिटरला सुमारे 0.82 ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, प्रश्न 10 मध्ये तो आपल्याला अडचणीत आणणार आहे.

3. आधी 2s घेतलं आणि वर परत वर्गही केला. दोन हा आकडा दोनदा धरला ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. दोन्ही ठिकाणचा दोन वेगवेगळ्या कामाचा आहे.

पहिला दोन मोजणीचा आहे. s मोल चुना विरघळला तर हायड्रॉक्साइड प्रत्यक्षात किती झाले? 2s. ही द्रावणातली खरी संहती आहे, टायट्रेशन केलं तर ब्युरेटही तेवढीच दाखवेल. दुसरा दोन, म्हणजे घातांक, समतोलाच्या नियमातून येतो. समीकरणात OH⁻ च्या आधी 2 आहे, म्हणून हायड्रॉक्साइडची जी काही संहती असेल तिचा वर्ग घ्यायचा. ती संहती कुठून आली याच्याशी घातांकाला देणंघेणं नाही.

हे पटवायला सामाईक आयनाचं, म्हणजे क्षारातलाच एखादा आयन दुसऱ्या पदार्थातून पाण्यात आलेला असतानाचं, गणितच कामाला येतं. समजा पाण्यात आधीच 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आहे. तिथला हायड्रॉक्साइड 0.1 आहे. त्याचा वर्ग करायचा, कारण तो नियम आहे. पण त्याची दुप्पट करायची नाही, कारण NaOH च्या एका मोलमधून एकच OH⁻ मिळतो. तिथे 0.2 लिहिणारी मुलं पहिल्या आणि दुसऱ्या दोनची गल्लत करत असतात. त्याच जागी 0.1 मोलर बेरियम हायड्रॉक्साइड असतं तर मात्र 0.2 बरोबर ठरलं असतं.

4. संपृक्त निवळीत आणखी चुना टाकला तर तोही सामाईक आयनच झाला. मग विद्राव्यता कमी होईल का?

नाही, काहीच होणार नाही. जास्तीचा चुना घन रूपात तळाशी बसेल. सामाईक आयन तेव्हाच म्हणायचा, जेव्हा तो दुसऱ्या, सहज विरघळणाऱ्या पदार्थातून द्रावणात येतो.

5. ज्याचा Ksp लहान तो कमी विरघळतो, असं धरून चालेल का?

दोन्ही क्षारांची घडण सारखी असेल तरच. सिल्व्हर क्लोराइडचा Ksp 1.8 × 10⁻¹⁰ आणि सिल्व्हर क्रोमेटचा 1.1 × 10⁻¹². आकडे पाहून क्रोमेट कमी विरघळेल असं वाटतं. पण Ag₂CrO₄ साठी Ksp = 4s³ असल्यामुळे s = 6.5 × 10⁻⁵ येतो, म्हणजे क्लोराइडच्या पाचपट. एका ठिकाणी वर्गमूळ आणि दुसऱ्या ठिकाणी घनमूळ असेल तर नुसते Ksp शेजारी ठेवून तुलना करू नका. s काढा आणि मग बोला.

6. सामाईक आयनाने विद्राव्यता कमी होते म्हणजे नेमकं काय होतं? Ksp कमी होतो का?

Ksp जागचा हलत नाही, आणि तो हलत नाही म्हणूनच विद्राव्यता कमी होते.

शुद्ध पाण्यात [Ca²⁺] 0.0111 आणि [OH⁻] 0.0222 असताना गुणाकार 5.5 × 10⁻⁶ होतो. आता त्याच पाण्यात आधीपासून 0.1 मोलर NaOH आहे असं समजा. चुना विरघळायला लागेल तेव्हा हायड्रॉक्साइड आधीच भरपूर असेल. त्यामुळे थोडंसंच कॅल्शियम आलं तरी गुणाकाराची मर्यादा गाठली जाते आणि पुढचा चुना तळाशीच राहतो.

[Ca²⁺] = s

[OH⁻] = 0.1 + 2s

s हा 0.1 च्या मानाने अगदी लहान असेल असं तात्पुरतं धरू आणि 2s सोडून देऊ.

s × (0.1)² = 5.5 × 10⁻⁶

s = 5.5 × 10⁻⁴ मोल प्रति लिटर

0.0111 वरून 0.00055, म्हणजे विसाव्या हिश्श्यावर. आता सोडून दिलेलं परत तपासा: 2s = 0.0011, आणि तो 0.1 चा जेमतेम एक टक्का आहे. चालेल. ही तपासणी कधी नापास होते ते प्रश्न 8 मध्ये आहे.

तयार निवळीत NaOH नंतर घातलं तर हाच परिणाम डोळ्यांना दिसतो. स्वच्छ द्रावण दुधाळ होतं आणि आधी विरघळलेल्या चुन्यातला काही भाग साका होऊन खाली बसतो.

7. NaOH ऐवजी 0.1 मोलर कॅल्शियम क्लोराइड घेतलं. संहती तेवढीच, मग घट इतकी कमी का?

आता सामाईक आयन Ca²⁺ आहे. कॅल्शियम 0.1 + s आणि हायड्रॉक्साइड 2s.

0.1 × (2s)² = 5.5 × 10⁻⁶

(2s)² = 5.5 × 10⁻⁵

2s = 0.0074, म्हणून s = 0.0037

NaOH मध्ये वीसपट घट झाली, इथे फक्त तिप्पट. कारण घातांकात आहे. कॅल्शियम क्लोराइडने कॅल्शियमची संहती 0.0111 वरून साधारण नऊपट वाढवली. गुणाकार कायम राहायचा तर हायड्रॉक्साइडचा वर्ग नऊपट कमी व्हायला हवा, म्हणजे हायड्रॉक्साइड तीनपट कमी झाला की काम भागतं. NaOH च्या वेळी उलटं झालं. हायड्रॉक्साइड 0.0222 वरून 0.1 वर गेला, म्हणजे साडेचारपट. पण त्याचा वर्ग होतो, म्हणून कॅल्शियमला साडेचारच्या वर्गाइतकं, वीसपट, खाली यावं लागलं.

थोडक्यात, सूत्रात ज्या आयनावर मोठा घातांक आहे तो बाहेरून घातला तर विद्राव्यता जास्त दबते. AgCl मध्ये दोन्ही घातांक एक असल्यामुळे, निदान या साध्या गणितात, मीठ घाला की सिल्व्हर नायट्रेट, घट सारखीच.

इथे s कशाला म्हणायचं यात गोंधळ होतो. द्रावणात कॅल्शियम 0.1 च्या वर असलं तरी चुन्याची विद्राव्यता 0.1 नाही. जे चुन्यातून आलं तेवढंच s. म्हणून या उदाहरणात विद्राव्यता हायड्रॉक्साइडवरून काढायची: त्याचं निम्मं.

8. "2s सोडून द्या" हे दरवेळी चालतं का? माझं उत्तर विचित्र आलं.

विचित्र उत्तर बहुतेक अशा गणितात येतं: पाण्यात 0.01 मोलर NaOH आहे, चुना किती विरघळेल? सवयीने 2s सोडलं तर

s = 5.5 × 10⁻⁶ ÷ (0.01)² = 0.055

शुद्ध पाण्यात चुना 0.0111 विरघळत होता. सामाईक आयन घातल्यावर तो पाचपट वाढला? असं होऊच शकत नाही. सामाईक आयनाच्या गणिताचं उत्तर शुद्ध पाण्यातल्या उत्तरापेक्षा मोठं आलं की लगेच थांबायचं. इथे 2s हा 0.01 पेक्षा लहान नव्हताच, त्यामुळे तो सोडायचा अधिकारच नव्हता.

मग पूर्ण समीकरण घ्या: s(0.01 + 2s)² = 5.5 × 10⁻⁶. हे घन समीकरण आहे, पण सूत्र शोधत बसू नका, अंदाजाने सोडवा. उत्तर 0.0111 पेक्षा थोडं कमी असणार हे माहीत आहे. s = 0.008 ठेवून बघा: कंसात 0.026, त्याचा वर्ग 6.76 × 10⁻⁴, आणि त्याला 0.008 ने गुणलं की 5.4 × 10⁻⁶. थोडं कमी पडलं. s = 0.0081 ठेवलं तर 5.56 × 10⁻⁶, किंचित जास्त. दोन आकड्यांपर्यंत उत्तर 0.0081.

सोडून दिलेला भाग पाच टक्क्यांच्या आत असेल तर चालवून घ्या, ही वर्गात वापरली जाणारी मर्यादा पुरेशी आहे. प्रश्न 7 मध्ये s हा 0.1 चा 3.7 टक्के होता, म्हणून तिथे निभावलं. AgCl सारख्या अगदी कमी विरघळणाऱ्या क्षारात हा प्रश्न सहसा येत नाही. चुना त्या मानाने बराच विरघळतो, म्हणून तो फसवतो.

9. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर? आणि साधं मीठ घातलं तर?

आम्लातला H⁺ हायड्रॉक्साइड पकडून त्याचं पाणी करतो. गुणाकार मर्यादेच्या खाली जातो आणि तळाचा चुना आणखी विरघळतो, म्हणजे सामाईक आयनाच्या बरोबर उलट. मिठात ना कॅल्शियम ना हायड्रॉक्साइड, त्यामुळे सामाईक आयनाचा परिणाम नाही. तरी विद्राव्यता थोडी वाढते. का, ते पुढच्या उत्तरात.

10. प्रॅक्टिकलला निवळीचं टायट्रेशन केलं. विद्राव्यता गणितातल्या उत्तराच्या जवळजवळ दुप्पट आली. आमचं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. वहीतला आकडा खोडून पुस्तकातला लिहू नका.

प्रयोग असा असतो: जास्तीचा चुना डिस्टिल्ड पाण्यात हलवून बूच लावून रात्रभर ठेवायचा, वरची स्वच्छ निवळी झटपट गाळायची, तिचे 25 मिली पिपेटने घेऊन फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि 0.1 मोलर HCl ने गुलाबी रंग जाईपर्यंत टायट्रेट करायचं. रीडिंग सर्वसाधारणपणे 10 मिलीच्या आसपास येतं. ते 10.2 आलं असं धरू.

[OH⁻] = 10.2 × 0.1 ÷ 25 = 0.0408

s = 0.0204 मोल प्रति लिटर, म्हणजे लिटरला साधारण 1.5 ग्रॅम

विद्राव्यतेच्या तक्त्यातही चुन्याचा प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिटरला दीड ग्रॅमच्या वरच सापडतो. तुमचं रीडिंग तक्त्याशी जुळतं. जुळत नाही ते प्रश्न 2 मधलं 0.82 ग्रॅमचं गणित. तुमच्या रीडिंगवरून संहतींचा गुणाकार काढला तर 0.0204 × (0.0408)² = 3.4 × 10⁻⁵ येतो, छापील Ksp च्या सहापट.

फरकाचं मुख्य कारण असं. छापलेला Ksp संहतींचा नसून क्रियाशीलतेचा, म्हणजे आयनांच्या प्रभावी संहतींचा, गुणाकार असतो. द्रावणात आयन दाटीने असले की प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे आयन जास्त जमतात आणि तो आपल्या संहतीच्या मानाने कमी प्रभावी ठरतो. क्रियाशीलता काढायला संहतीला ज्याने गुणायचं तो गुणक निवळीत सरासरी 0.65 च्या आसपास येतो. सूत्रात एकूण तीन आयन आहेत, म्हणून तो तीनदा लागतो: 0.65 चा घन साधारण 0.27. त्याने 3.4 × 10⁻⁵ ला गुणलं की 9.3 × 10⁻⁶ मिळतं. सहापटीचा फरक दुपटीच्या आत आला. उरलेल्यात दुसरं कारण शिरतं: काही Ca²⁺ एका OH⁻ शी जोडी करून CaOH⁺ म्हणून वावरतात. टायट्रेशनमध्ये आम्ल तो हायड्रॉक्साइडही मोजतं, पण समतोलाच्या दृष्टीने तो मोकळा नसतो.

मिठाचं उत्तरही यातच आहे. मिठाचे आयन सामाईक नसले तरी दाटी वाढवतात, गुणक आणखी खाली जातो, आणि तोच Ksp गाठायला जास्त चुना विरघळावा लागतो. सामाईक आयन घातला तरी ही दाटी वाढतेच. त्यामुळे कॅल्शियम क्लोराइडमधल्या प्रयोगात प्रश्न 7 च्या गणिताएवढी तिप्पट घट हाती येत नाही, त्याहून कमी येते. AgCl च्या शुद्ध पाण्यातल्या द्रावणात आयन इतके विरळ असतात की गुणक जवळजवळ एक धरता येतो. म्हणूनच परीक्षेतली गणितं अशा क्षारांवर शोभतात.

11. सामाईक आयनाचा परिणाम प्रयोगाने दाखवायचा तर NaOH घ्यावं की CaCl₂?

टायट्रेशन आम्लाने करणार असाल तर CaCl₂. तिथे द्रावणातला सगळा हायड्रॉक्साइड चुन्यातूनच आलेला असतो, म्हणून ब्युरेटचं रीडिंग थेट विद्राव्यता देतं.

NaOH मध्ये घट मोठी असते, पण ती आम्लाने मोजणं अवघड. एकूण हायड्रॉक्साइडमधून NaOH चा वाटा वजा करावा लागतो. 25 मिलीला NaOH चेच 25 मिली आम्ल लागतं आणि चुन्याच्या वाट्याला जेमतेम मिली-दीड मिली येतं. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढताना ब्युरेट वाचण्यातली 0.1 मिलीची चूकही मोठी ठरते. तिथे हायड्रॉक्साइड सोडा आणि ईडीटीएने कॅल्शियम मोजा, कारण त्या द्रावणातलं सगळं कॅल्शियम चुन्याचंच आहे.

12. मे महिन्यात रीडिंग कमी येतं. गरम पाण्यात तर जास्त विरघळायला हवं ना?

बहुतेक क्षारांचं तसं असतं, चुन्याचं उलटं. तो विरघळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान वाढलं की समतोल घन चुन्याकडे सरकतो आणि Ksp कमी होतो. लिटरला 0 °C ला सुमारे 1.89 ग्रॅम, 20 °C ला 1.73 आणि 100 °C ला फक्त 0.66 ग्रॅम. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखालच्या प्रयोगशाळेतही पारा 40 च्या आसपास असतो, तेव्हा जानेवारीचं आणि मेचं रीडिंग सारखं येणार नाही. वहीत तापमान लिहायचं ते याचसाठी. हा बदल Ksp चा आहे, सामाईक आयनाशी त्याचा संबंध नाही.

कमी रीडिंगचं दुसरं कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड. निवळीवर पातळ पांढरी साय दिसली तर ते कॅल्शियम कार्बोनेट आहे. तेवढा हायड्रॉक्साइड गेला, ती निवळी टाकून नवीन गाळा.

13. डिस्टिल्ड पाणी संपलं. बोअरच्या पाण्यात निवळी केली तर त्यातलं कॅल्शियम सामाईक आयन होईल का?

होईल, पण तो मोठा त्रास नाही. बऱ्यापैकी जड पाण्यातही कॅल्शियम 0.002 ते 0.004 मोलर असतं, आणि चुना स्वतःच त्याच्या कितीतरी पट कॅल्शियम सोडतो. खरा घोळ बायकार्बोनेटचा आहे. तो चुन्याशी प्रक्रिया करून कॅल्शियम कार्बोनेटचा साका देतो, आणि मॅग्नेशियम असेल तर त्याचाही हायड्रॉक्साइड साका होऊन बसतो. तळाशी चुना भरपूर असेल तर खर्च झालेला हायड्रॉक्साइड भरून निघतो. मोजूनमापून कमी चुना घेतला असेल तर द्रावण संपृक्त होणारच नाही आणि Ksp चं सूत्र लागूच पडणार नाही. डिस्टिल्ड पाण्याची वाट बघितलेली बरी.

14. 0.1 मोलर मिठाच्या पाण्यात AgCl ची विद्राव्यता 1.8 × 10⁻⁹ येते. हे प्रत्यक्षात खरं आहे का?

परीक्षेत हेच लिहा. प्रत्यक्षात विरघळलेली एकूण चांदी याच्या हजारपटीच्या घरात असते. मोकळा Ag⁺ खरंच 1.8 × 10⁻⁹ च्या आसपास असतो, पण क्लोराइड जास्त असला की चांदी AgCl₂⁻ सारख्या संकुलाच्या रूपात द्रावणात जाते, आणि ती या गणितात धरलेलीच नाही. मीठ हळूहळू वाढवत नेलं तर विद्राव्यता आधी उतरते, क्लोराइड सुमारे 0.003 मोलर असताना सगळ्यात कमी होते आणि मग परत चढते. साका पूर्ण पडावा म्हणून अभिकारक थोडासाच जास्त घालायला सांगतात ते यामुळे.

15. वडील साखर कारखान्यात आहेत. ते म्हणतात उसाच्या रसात चुना पाण्यापेक्षा जास्त विरघळतो. मग Ksp कुठे गेला?

वडील बरोबर आहेत. साखर कॅल्शियमला धरून सॅकरेट बनवते. त्यामुळे मोकळा Ca²⁺ कमी होतो आणि तेवढी जागा भरायला आणखी चुना विरघळतो. Ksp मोकळ्या आयनांनाच लागू असतो आणि त्यांच्यापुरता तो इथेही पाळला जातो. फक्त एकूण विरघळलेलं कॅल्शियम म्हणजे s, हे समीकरण इथे मोडतं. प्रश्न 14 मध्ये जे क्लोराइडने चांदीचं केलं तेच इथे साखरेने कॅल्शियमचं केलं.

16. चादरीचं सूत रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ घालतात. तो सामाईक आयनाचा परिणाम आहे का?

थोडासा. सुती धाग्यासाठीचे डायरेक्ट आणि रिअ‍ॅक्टिव्ह रंग बहुतेक सोडियमचे क्षार असतात. मिठातला सोडियम त्यांना सामाईक आहे आणि त्याने रंगाची पाण्यातली विद्राव्यता कमी होते. पण मुख्य काम वेगळं आहे. पाण्यात सुताच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, रंगाचा आयनही ऋण, त्यामुळे दोघं एकमेकांना ढकलतात. मिठातले सोडियम आयन तो भार झाकतात आणि रंगाला धाग्याजवळ जाता येतं. इथे Ksp मांडून गणित करायला जाऊ नका, कारण तळाशी घन रंग शिल्लक असलेलं संपृक्त द्रावण रंगाच्या टाकीत नसतं.